साठीतल्या आईसाठी निवृत्तीचं घड्याळ: एका निवडीचा अभ्यास

३५ वर्षं शाळेत गणित शिकवून ६०व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या एका आईसाठी मुलगा आणि मुलगी घड्याळ घ्यायला निघाले. पहिली पसंती त्यांनी घरबसल्याच ठरवून टाकली होती: २८ मिमीचं नाजूक घड्याळ, शिंपल्याची चमकती डायल, सोनेरी सुईसारखे काटे, आकड्यांच्या जागी बारीक खडे. दिसायला देखणं होतं. पण आईचं जुनं घड्याळ दोन वर्षांपासून पर्समध्येच का पडून असतं, हा प्रश्न दोघांनी तोवर विचारलाच नव्हता. मुलांना वाटत होतं, ते जुनाट झालंय म्हणून.

अशा खरेदीची सुरुवात नव्या घड्याळापासून नाही, जुन्यापासून करावी. हे जुनं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं तेव्हा त्यातच तीन उत्तरं मिळाली. डायल सोनेरी, काटेही सोनेरी आणि जेमतेम अर्धा मिमी रुंद. मागच्या बाजूचा मुलामा उडून आतलं पितळ उघडं पडलेलं, आणि आईच्या मनगटावर नेमकं तिथेच लालसर, खाजरं वर्तुळ. पट्ट्याची कडी इतकी बारीक की ती लावायला अंगठा आणि तर्जनीची टोकं घट्ट जुळवावी लागत. आईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात सुरू झाला होता. म्हणजे घड्याळ दिसत नव्हतं, टोचत होतं आणि लावताना दुखत होतं. पहिल्या पसंतीच्या घड्याळात यातल्या दोन अडचणी जशाच्या तशा परत येणार होत्या.

भेट अचानक द्यायचा बेत इथे मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता. मनगट न मोजता घेतलेलं घड्याळ बहुतेक वेळा बदलावं लागतं, आणि नाव कोरलेलं घड्याळ सहसा कोणी परत घेत नाही. दोघांनी मधला मार्ग काढला: घड्याळ आईने स्वतः घालून निवडायचं, मागे कोरायचा मजकूर मात्र गुपित ठेवायचा.

मनगटाची मापं

मनगटाचा घेर सगळे मोजतात. पण घड्याळ बसेल की नाही हे ठरतं वरून दिसणाऱ्या रुंदीवर. आईचा घेर सकाळी १५० मिमी होता, रुंदी ५३ मिमी. घड्याळाच्या पट्टा अडकवायच्या टोकांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या रुंदीपेक्षा जास्त झालं, तर लग हवेत राहतात आणि घड्याळ डुगडुगतं. मनगटाचा वरचा भाग कडांना गोलाकार उतरतो, म्हणून रुंदीतून किमान ८–१० मिमी वजा करून पाहावं. इथे ती मर्यादा ४३–४५ मिमीच्या आसपास आली. डायलचा व्यास हा त्यानंतरचा प्रश्न. लग आखूड असतील तर ३६ मिमीचं घड्याळही अशा मनगटावर नीट बसतं. ‘बायकांचं घड्याळ’ म्हणून २६–२८ मिमीतच शोधत राहण्याचं काही कारण नाही.

तोच घेर संध्याकाळी सातला मोजला तेव्हा १५६ मिमी भरला. दिवसभरात, उकाड्यात आणि उतारवयात थोडी सूज येतेच. घड्याळ फक्त सकाळी घालून पाहिलं असतं तर हे ६ मिमी लक्षात आले नसते, आणि पट्ट्याच्या निवडीत पुढे त्यांनीच सगळा गोंधळ घातला असता.

आकडे नव्हे, काटे

मोठे ठळक आकडे असलेलं घड्याळ घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. चष्मा डोळ्यावर असताना तो बरोबर आहे. पण घड्याळाकडे माणूस ओझरतं पाहतो, आणि त्या वेळी वाचायचा चष्मा बहुतेक वेळा टेबलावर असतो.

साठीत डोळ्याचं भिंग जवळची वस्तू स्पष्ट करायची ताकद जवळपास गमावून बसलेलं असतं. लांबचं नीट दिसणाऱ्या अशा माणसाने बिनचष्म्याने ३५ सेंमीवरची डायल पाहिली, तर डायलवरचा प्रत्येक बिंदू साधारण २ मिमीच्या ठिपक्यासारखा पसरतो. बाहुली ३ मिमी आणि भिंगाची थोडी उरलेली ताकद धरून हा हिशेब येतो. ३ मिमी उंचीच्या ‘८’मधल्या पोकळ्या यात बुजून जातात, मग ८, ६ आणि ९ सारखेच दिसतात. अर्ध्या मिमीच्या काट्याचा काळेपणा २ मिमीवर पसरून फिकट करडा होतो आणि पार्श्वभूमीत मिसळतो. दीड मिमी रुंदीचा काळा काटा मात्र कडांना धूसर झाला तरी मधला गडदपणा टिकवतो, आणि त्याची दिशा कळते. गोल डायलवर वेळ कळायला दिशा पुरेशी असते, आकडा वाचावा लागतच नाही. म्हणून आधी काट्यांची रुंदी आणि रंग पाहावा, मग तास काटा मिनिट काट्यापेक्षा एका नजरेत वेगळा ओळखू येतो का ते पाहावं. आकडे तिसऱ्या क्रमांकावर.

वयानुसार बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. कमी उजेडात आत पोचणारा प्रकाश त्यामुळे तरुणपणापेक्षा बराच कमी असतो. गडद निळ्या डायलवर काळे काटे तरुण मुलीला सुरेख दिसतील, आईला ते एकाच रंगाचे वाटतील.

तीन घड्याळं, दहा प्रश्न

शेवटी तीन घड्याळं समोर ठेवली. एक तेच २८ मिमीचं शिंपल्याच्या डायलचं. दुसरं ३८ मिमीचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने चालणारं: केस म्हणजे बाहेरचं कवच आणि साखळी स्टीलची, काळी डायल, पॉलिश केलेले चकचकीत काटे, मागे आतलं यंत्र दाखवणारी काच. तिसरं ३६ मिमीचं बॅटरीवर चालणारं टायटॅनियमचं: मॅट क्रीम डायल, १.६ मिमी रुंद काळा तास काटा, १.२ मिमीचा लांब मिनिट काटा, लगपासून लगपर्यंत ४२ मिमी, जाडी ८.५ मिमी.

शोकेसमधल्या झगझगीत उजेडात तिन्ही स्पष्ट दिसत होती, म्हणून तिथला निकाल धरलाच नाही. शिवाय दुकानातली घड्याळं बहुधा १० वाजून १० मिनिटांच्या आसपास लावलेली असतात. काटे दोन बाजूंना उघडे, वाचायला सर्वांत सोपी वेळ. मुलांनी तिन्ही घड्याळं जिन्याजवळच्या मंद उजेडात नेली. काटे एकमेकांजवळ येतील अशा वेळा लावल्या: ३:१६, ६:३२, ८:४१ अशा. मग घड्याळ झाकायचं, क्षणभर उघडायचं आणि आईने बिनचष्म्याने वेळ सांगायची. प्रत्येक घड्याळासाठी दहा वेळा.

पहिल्यात चार उत्तरं बरोबर आली. चुका एकाच जातीच्या होत्या: तास आणि मिनिट काट्यांची अदलाबदल. दोन्ही काट्यांची लांबी जवळपास सारखी आणि रुंदी नगण्य, म्हणून दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यात सात बरोबर आली, पण चुकलेल्या तिन्ही वेळा आई म्हणाली, ‘काटाच दिसला नाही गं.’ पॉलिश केलेला काटा आरशासारखा असतो. त्यात छताचा दिवा दिसला की तो पांढरा, अंधारा कोपरा दिसला की काळा, आणि काळ्या डायलवर काळा काटा नाहीसाच होतो. काळी डायल मुळात वाईट नव्हे. काटे मॅट पांढऱ्या रंगाचे असते तर ते तिच्यावर उठून दिसले असते.

दुसऱ्यात काचेचीही अडचण होती. सफायर काचेवर ओरखडे सहज पडत नाहीत, पण ती साध्या मिनरल काचेपेक्षा जास्त प्रकाश परतवते: दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे १५ टक्के, साध्या काचेत ८ टक्क्यांच्या आसपास. आतून परावर्तन कमी करणारा लेप नसेल आणि काच फुगीर असेल तर खिडकीचं प्रतिबिंब थेट डायलवर बसतं. तिसऱ्या घड्याळाची काचही सफायरच होती, पण सपाट आणि आतून लेप दिलेली. त्याची दहाही उत्तरं बरोबर आली.

चावी, वजन आणि त्वचा

बसून उठताना वयस्क माणूस खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून जोर देतो. तेव्हा मनगट मागे वाकतं आणि बाजूची चावी हाताच्या पाठीत रुतते. दुकानात हात समोर धरून घड्याळ पाहिलं तर हे कधीच कळत नाही. आईला टेबलावर तळवे टेकून तीनदा उठायला सांगितलं. १२.५ मिमी जाडीच्या ऑटोमॅटिकची चावी तिन्ही वेळा टोचली आणि वळ उठला. तिसऱ्याची लागली नाही. वय वाढतं तशी त्वचा पातळ होते. त्यात रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील तर असा वळ काळानिळा पडून आठवडाभर राहतो. मग घड्याळ पुन्हा पर्समध्ये जातं.

ऑटोमॅटिकच्या विरोधात आणखी एक मुद्दा होता. काढून ठेवलं की ते साधारण ४० तासांत थांबतं. शाळेची घाई संपल्यावर घड्याळ दोन दिवस कपाटात राहणारच. मग प्रत्येक वेळी चावी ओढून वेळ लावायची, तीही दुखऱ्या अंगठ्याने. तारखेच्या खिडकीबद्दल बहीणभावांत थोडा वाद झाला. तारखेचा आकडा इतका लहान असतो की त्यासाठी चष्मा लागतोच, आणि ३१ दिवस नसलेल्या महिन्यांनंतर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, ती हाताने पुढे न्यावी लागते. या आईसाठी तारीख नसलेलं घड्याळ योग्य ठरलं. अंगठा धड असता तर उलट सल्ला दिला असता.

खाजऱ्या वर्तुळाचं कारण बहुधा निकेल. मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो, आणि मुलामा झिजला की तो घामाच्या संपर्कात येतो. घड्याळांत वापरतात त्या ३१६एल स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते फार कमी सुटतं आणि बहुतेकांना चालतं. ज्यांना आधीच त्रास झालाय त्यांच्यासाठी टायटॅनियम जास्त निर्धोक, आणि स्टीलच्या तुलनेत त्याचं वजनही जवळपास निम्मं. इथे एक चूक थोडक्यात टळली. केस टायटॅनियमची असली तरी मागचं झाकण स्टीलचं असू शकतं आणि पट्ट्याचं बकल मुलामा दिलेल्या मिश्रधातूचं. त्वचेला सतत लागतात ते हेच दोन भाग. झाकण टायटॅनियमचंच असल्याचं त्यावर कोरलेलं होतं. बकल मात्र मुलाम्याचं निघालं, ते बदलून घेतलं.

बदलून काय लावायचं यावर सर्वांत जास्त वेळ गेला. साध्या बकलात पट्टा ओवून, ताणून, सुई भोकात बसवावी लागते. आईने प्रयत्न केला आणि दुसऱ्याच वेळी अंगठा झटकला. घडी घालून बसणारं क्लॅस्प लावायला सोपं, कारण पट्टा सुटतच नाही, नुसतं दाबायचं. पण काही क्लॅस्प उघडताना दोन्ही बाजूंची बटणं एकदम चिमटीत दाबावी लागतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. शिवाय त्याचा घेर एकदा ठरला की ठरला. १५० वर बसवलं तर संध्याकाळी आवळतं, १५६ वर बसवलं तर सकाळी घड्याळ घसरून मनगटाच्या हाडावर आदळतं. भोकांमधलं अंतर ६–७ मिमी असल्यामुळे मधला पर्यायही नसतो. ताणून हातावरून चढवायचे स्प्रिंगचे पट्टे पातळ त्वचेवर ओढले जातात, ते या वयात टाळलेले बरे.

अखेर दोन पट्टे घेतले. रोजच्यासाठी मऊ कापडी पट्टा, व्हेल्क्रोच्या बंदाचा. तो टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून तळव्यानेच दाबता येतो आणि संध्याकाळी हवा तेवढा सैल करता येतो. समारंभासाठी कातडी पट्टा, एका बाजूने खेचून उघडणाऱ्या घडीच्या क्लॅस्पचा, संध्याकाळच्या मापाला बसवलेला. लगमधलं अंतर १८ मिमी होतं. या मापाचे पट्टे सहज मिळतात. पट्टा बदलायची पिन आईने हाताळायची नाही, ते काम मुलीचं.

मागच्या झाकणावरचे तीन शब्दसमूह

कोरकाम खरेदीच्या दिवशी केलं नाही. घड्याळ आधी तीन आठवडे वापरायला दिलं. पुरळ उठलं असतं किंवा माप चुकलं असतं तर ते अजून परत करता आलं असतं. नंतर ‘पट्टा नीट करून आणते’ असं सांगून मुलीने ते नेलं.

मुलांचा मजकूर चौदा शब्दांचा होता. झाकणाच्या कडेने कंपनीचा मजकूर असल्यामुळे मोकळी जागा मधल्या २२ मिमी व्यासाच्या वर्तुळाएवढीच होती. वाचायचा चष्मा लावून साठीतल्या डोळ्यांना सुखाने वाचता यावं म्हणून अक्षराचं अंग किमान २ मिमी उंच हवं. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असतो, म्हणजे एका ओळीला साधारण ४ मिमी लागतात. ओळींच्या मध्यांमध्ये ५ मिमी अंतर ठेवलं तर तीन ओळी बसतात. मधल्या ओळीला कडा सोडून साडेएकोणीस मिमी मिळतात, वरच्या आणि खालच्या ओळीला जेमतेम १५. एका अक्षराला १.९ मिमी धरलं तर मध्ये नऊ अक्षरं आणि तीन मोकळ्या जागा, बस. चौदा शब्द बसवायचे तर अक्षरं दोन मिमीपेक्षा बरीच लहान झाली असती, आणि ती आईला चष्मा लावूनही सुखाने वाचता आली नसती.

मुलांनी कागद पुन्हा हातात घेतला. ठरलं ते असं: वर ‘आईला’, मध्ये ‘आता सगळे तास तुझे’, खाली ‘१९९०–२५’. गणिताच्या बाईंना ‘तास’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मधल्या ओळीत बरोबर नऊ अक्षरं आहेत.

मजकूर आधी कोरकाम करणाऱ्याकडे टाइप केलेल्या रूपात पाठवला होता. पहिल्या मसुद्यात ‘निवृत्ती’ हा शब्द होता. नमुना आला तेव्हा पहिली वेलांटी ‘न’च्या नंतर पडलेली होती आणि ‘त्ती’ मोडून पाय मोडका ‘त’ सुटा उभा होता. कोरायच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर जोडाक्षरं नेहमी जुळवतंच असं नाही. उपाय सोपा आहे: मजकूर स्वतः नीट मांडून, अक्षरांचं रूपांतर रेषाकृतींत करून, SVG किंवा PDF फाइल द्यायची. मग तिथे अक्षर उरतच नाही, फक्त आकार उरतो, आणि तो बिघडत नाही. ती फाइल खऱ्या मापात कागदावर छापून साठीतल्या एका शेजाऱ्यांना चष्म्याने वाचायला दिली. अडखळले नाहीत. छपाईत अनुस्वार असता तर तोही तपासावा लागला असता. या मापात तो टिंब पाव–अर्धा मिमीचा होतो आणि कोरताना हरवू शकतो.

पद्धत लेझरची निवडली. हिऱ्याच्या टोकाने ओढलेली रेघ टायटॅनियमवर उथळ येते आणि उजेड तिरका पडला तरच वाचता येते. लेझरची रेघ गडद दिसते. मात्र नुसता रंग बदलणारी वरवरची खूण मनगटाच्या घर्षणाने कालांतराने पुसट होते, म्हणून अनेक फेऱ्यांत ०.१ मिमीपर्यंत खोल कोरून घेतलं. झाकणाची जाडी ०.९ मिमी होती, त्यामुळे ते कमकुवत होण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या घड्याळात काचेच्या झाकणामुळे फक्त अरुंद कड उरली होती. तिथे हे काही जमलंच नसतं.

एक धोका फिरवून बसणाऱ्या झाकणांचाच असतो. झाकण आट्यांवर घट्ट होईल तिथे थांबतं, आणि ते कुठल्या कोनात थांबेल याचा डायलशी काही संबंध नसतो. सुटं झाकण सरळ धरून कोरलं तर बंद केल्यावर ओळी तिरक्या येतात. म्हणून झाकण उघडण्यापूर्वीच, ते पूर्ण घट्ट असताना, त्यावर १२ ते ६ अशी सरळ रेघ चिकटपट्टीवर आखून घेतली आणि ती रेघ धरूनच मजकूर मांडला. कोरून झाल्यावर रबरी रिंग नवी घालून झाकण बसवलं, तेव्हा ओळी दोन-तीन अंशांनी कलल्या होत्या, कारण नवी रिंग जुनीइतकी दबत नाही. एवढा कल नजरेला खटकत नाही. घड्याळ ५० मीटरच्या पाणीरोधाचं होतं, तेव्हा दाबाची चाचणी करूनच ते परत घेतलं. झाकण अनधिकृत ठिकाणी उघडल्याने हमी जाणार का, हे मुलीने आधीच लेखी विचारून ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा पुरळ नव्हतं, आणि घड्याळ रोज हातावर होतं. कापडी पट्ट्याचा बंद मात्र धुळीने आणि धाग्यांनी सैल पडू लागला होता. जुन्या टूथब्रशने घासल्यावर पकड परत आली. डब्यात आता एक चिठ्ठी आहे: बॅटरी बदलल्याची तारीख, ‘रिंग तपासा, पाण्याची चाचणी करा’, आणि झाकण कुठल्या खुणेपर्यंत फिरवायचं त्याचं छोटं चित्र.